चर्चच्या सूचनाफलकावरचे दर: ठरलेले काय आणि ऐच्छिक काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वसई, मुंबई, पुणे, नाशिक किंवा गोव्यातल्या कॅथलिक चर्चच्या कार्यालयाबाहेर एक फलक असतो. मिस्सा, बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी, दाखला, हॉल अशा नोंदी आणि समोर आकडे. सगळे आकडे एकाच रकान्यात लिहिलेले असल्यामुळे ते सगळे एकाच जातीचे वाटतात, आणि बहुतेक गैरसमज तिथून सुरू होतात. प्रत्यक्षात त्या रकान्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, विधीच्या निमित्ताने द्यायचे दान, ज्याची मर्यादा बिशप ठरवतात. दुसरी, कुणाच्या तरी कामाचे किंवा वस्तूचे पैसे. तिसरी, निव्वळ स्वेच्छेची देणगी. खालची उत्तरे लॅटिन विधीच्या चर्चला लागू असलेल्या, २७ नोव्हेंबर १९८३ पासून अमलात आलेल्या धर्मसंहितेच्या (कॅनन लॉ) आधारे दिली आहेत. उदाहरणांतले रुपयांचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. तुमच्या धर्मग्रामाचे खरे आकडे तुमच्या फलकावर पाहा.

मिस्सेपुढे आकडा लिहिला आहे, म्हणजे मिस्सा विकत घ्यायची का?

नाही. मिस्सेच्या निमित्ताने दिले जाते ते दान. ते देऊन श्रद्धावंत चर्चच्या कामाला आणि धर्मगुरूंच्या उदरनिर्वाहाला हातभार लावतो, असे कॅनन ९४६ सांगतो. पुढच्याच कॅननमध्ये, ९४७ मध्ये, मिस्सेच्या दानात व्यापाराचा नुसता भासही नको असे बजावले आहे. भाससुद्धा नको, म्हणून फलकावरचा शब्दही महत्त्वाचा. ‘मिस्सा फी’, ‘मिस्सेचा चार्ज’, ‘मिस्सेची किंमत’ असे लिहिले की तो भास निर्माण होतो. ‘मिस्सेचे दान’ एवढे लिहिले तर अर्थ बरोबर पोहोचतो. शब्द बदलायला काही खर्च येत नाही, तरी कित्येक फलकांवर वर्षानुवर्षे ‘फी’च लिहिलेली असते.

आकडा कोण ठरवतो? आमचे फादर का?

प्रमुख धर्मगुरू ठरवत नाहीत, धर्मग्रामाची आर्थिक समितीही नाही. कॅनन ९५२ नुसार मिस्सेच्या दानाचा आकडा त्या चर्चप्रांताचे, म्हणजे एकेका बिशपांच्या हाताखालच्या शेजारशेजारच्या धर्मप्रांतांच्या गटाचे, बिशप एकत्र बसून लेखी आदेशाने ठरवतात. बाप्तिस्मा, लग्न, आशीर्वाद अशा इतर विधींच्या निमित्ताने द्यायच्या दानाची मर्यादाही तेच ठरवतात (कॅनन १२६४). असा आदेश नसेल तर त्या धर्मप्रांतात चालत आलेली रीत लागू होते. संन्यस्त संघाच्या धर्मगुरूंनाही हाच आकडा पाळावा लागतो. ‘आमच्या संघाचा वेगळा दर’ असे काही नसते.

‘चर्चप्रांत’ हा शब्द इथे कळीचा आहे. वसई, पुणे आणि नाशिक हे धर्मप्रांत मुंबईच्या चर्चप्रांतात मोडतात. सिंधुदुर्ग गोव्याच्या प्रांतात येतो. औरंगाबाद आणि अमरावती नागपूरच्या प्रांतात. त्यामुळे वसईच्या माणसाला सावंतवाडीच्या फलकावर वेगळा आकडा दिसला, तर कुणीतरी मनाने वाढवला असे लगेच समजू नये. दोन्हीकडचे आदेश वेगळे आहेत. मात्र एकाच प्रांतातल्या शेजारच्या दोन चर्चमध्ये मिस्सेचे दान वेगळे लिहिलेले दिसले, तर कुठेतरी चूक आहे. बहुतेक वेळा एका फलकावर जुना आदेश राहून गेलेला असतो.

मग ‘ठरलेले’ म्हणजे नेमके काय ठरलेले?

धर्मगुरूंनी मागायची कमाल रक्कम. तुमच्यावर लादलेली किमान रक्कम नव्हे. या पानावरचे एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

फलकावर मिस्सेचे दान १०० रुपये असेल, तर फादरांना १०१ मागता येत नाहीत. तुम्ही आपणहून २०० दिलेत तर ते घेऊ शकतात. तुम्ही ५० दिलेत तर तेही घेऊ शकतात. कॅननमध्ये जास्त आणि कमी अशा दोन्ही रकमा स्वीकारण्याची मुभा स्पष्ट लिहिलेली आहे. बंधन आहे ते मागण्यावर.

आमच्याकडे तेवढे पैसे नाहीत. मिस्सा, बाप्तिस्मा मिळणार नाही का?

मिळणार. धर्मसेवकाने ठरलेल्या दानापलीकडे काही मागू नये आणि गरजूंना गरिबीमुळे संस्कारांपासून वंचित राहावे लागणार नाही याची नेहमी काळजी घ्यावी, असे कॅनन ८४८ म्हणतो. कॅनन ९४५ तर धर्मगुरूंना आग्रहाने सुचवतो की गरजूंच्या हेतूंसाठी, म्हणजे ते ज्यांच्यासाठी किंवा ज्या कारणासाठी मिस्सा मागतात त्यासाठी, दान न घेताही मिस्सा अर्पण करावी.

व्यवहारात माणूस अडतो तो कार्यालयातल्या टेबलापाशी. नोंद घेणाऱ्या स्वयंसेवकाला फलक माहीत असतो, कॅनन माहीत नसतो. अशा वेळी ‘दान न देता हेतू लिहायचा आहे’ एवढे सांगावे किंवा थेट फादरांना भेटावे. कारण द्यावे लागत नाही, उत्पन्नाचा दाखला तर नाहीच नाही. धर्मग्रामांनी यावर एक साधा उपाय करावा: फलकाच्या अगदी वर, आकड्यांच्या आधी, ‘दान देणे शक्य नसल्यास कोणताही विधी अडणार नाही’ ही ओळ मोठ्या अक्षरांत लिहावी. खाली बारीक अक्षरांत लिहिलेली ओळ वाचेपर्यंत गरजू माणूस परत गेलेला असतो.

पाकिटात ५०० रुपये घालून दिले. एक मिस्सा होईल की पाच?

पाकिटावर काय लिहिले त्यावर अवलंबून आहे. वसईकडे पुण्यतिथीला पाकीट देण्याची पद्धत सर्रास आहे, आणि घोटाळेही त्यातूनच होतात. म्हणून हे सविस्तर पाहू. आदेशातला आकडा १०० रुपये आहे असे धरा.

समजा, पाकिटावर फक्त ‘वडिलांच्या आत्म्याला शांती’ लिहिले आहे आणि आत ५०० रुपये आहेत. किती मिस्सा हे लिहिलेले नाही. कॅनन ९५० सांगतो की देणारा जिथे राहतो तिथल्या ठरलेल्या दानाने भागून संख्या काढावी, म्हणजे पाच मिस्सा. देणाऱ्याचा हेतू वेगळा होता असे रास्तपणे मानता येत असेल, तरच अपवाद. मिस्सा अर्पण करणारे चर्च कुठे आहे हे इथे पाहत नाहीत, देणारा कुठला हे पाहतात. परदेशातून आलेल्या पैशांच्या बाबतीत हा फरक मोठा पडतो. दुबई किंवा टोरांटोहून कुणी संख्या न लिहिता रक्कम पाठवली, तर तिथल्या आकड्याने भागायचे. इथल्या आकड्याने भागले तर मिस्सांची संख्या उगाच फुगते.

आता समजा, पाकिटावर ‘एक मिस्सा, २२ तारखेला, संध्याकाळी’ असे लिहिले आहे आणि रक्कम तीच, ५००. मग एकच मिस्सा होईल. वरचे ४०० तुम्ही स्वेच्छेने दिलेले जास्तीचे दान झाले.

तिसरी शक्यता अशी की २२ तारखेला जागा नाही आणि फादर ती मिस्सा दुसऱ्या धर्मगुरूंकडे सोपवतात. तेव्हा १०० पाठवून ४०० ठेवून घेता येत नाहीत. कॅनन ९५५ प्रमाणे मिळालेली रक्कम पूर्ण पुढे द्यायची. जास्तीची रक्कम खास त्या फादरांसाठीच दिली होती हे पक्के माहीत असेल तरच ती ठेवता येते.

तुमच्याकडून करायचे ते सोपे आहे. पाकिटावर चार गोष्टी लिहा: कुणासाठी, किती मिस्सा, कोणती तारीख, एकूण रक्कम. रकमेतला काही भाग चर्चच्या दुरुस्तीसाठी किंवा गरीब निधीसाठी असेल तर तो वेगळ्या पाकिटात घाला. एकाच पाकिटात दोन हेतू गेले की हिशेब लिहिणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो.

एका मिस्सेत दहा-दहा नावे वाचली जातात. प्रत्येकाने १०० दिले असतील तर हजार रुपयांचे काय होते?

मूळ नियम कॅनन ९४८ मध्ये आहे. ज्या ज्या हेतूसाठी दान, मग ते अल्प का असेना, दिले आणि स्वीकारले गेले, त्या प्रत्येकासाठी स्वतंत्र मिस्सा व्हायला हवी. अनेक हेतूंची एकत्र मिस्सा हा अपवाद आहे. २२ फेब्रुवारी १९९१ च्या रोमच्या आदेशाने त्या अपवादाला आठवड्यातून दोन दिवसांची मर्यादा घातली होती. १३ एप्रिल २०२५ चा नवा आदेश त्याच वर्षी २० एप्रिलपासून, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणापासून लागू झाला. त्यानुसार एकत्र मिस्सेला परवानगी द्यायची की नाही हे प्रांताचे बिशप ठरवतात, आणि देणाऱ्यांना आधी सांगून त्यांची संमती घ्यावी लागते. ही संमती गृहीत धरता येत नाही. देणाऱ्याने स्पष्ट होकार दिलेला नसेल तर त्याची संमती नाही असेच मानायचे.

आता हजार रुपये. दहा घरांनी प्रत्येकी १०० दिले आणि मिस्सा एकच झाली, तर फादरांना स्वतःसाठी एकाच मिस्सेचे दान ठेवता येते, म्हणजे १००. उरलेले ९०० बिशपांनी ठरवून दिलेल्या कामासाठी जातात. नोंदवहीत दहा हेतू, जमा १,०००, स्वतःकडे १००, पुढे पाठवलेले ९०० अशी उभी मांडणी असली की कुणाला शंका घ्यायला जागा उरत नाही.

तुम्हाला स्वतंत्र मिस्सा हवी असेल तर नोंद करतानाच ‘फक्त हाच हेतू’ असे सांगा. तारीख उशिराची मिळेल.

मिस्सेत नुसते नाव घेण्यासाठी पैसे द्यायचे का?

नाही. एखाद्या हेतूसाठी मिस्सा अर्पण करणे आणि प्रार्थनेच्या वेळी नुसता नामोल्लेख करणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि २०२५ च्या आदेशात हा फरक लोकांना नीट समजावून सांगायला सांगितले आहे. नुसत्या नामोल्लेखासाठी दान मागता येत नाही. फलकावर ‘वाढदिवस उल्लेख’, ‘नाव वाचन’ अशा ओळी आकड्यांसह असतील तर त्या पुसल्याच पाहिजेत. त्यांना कोणत्याही आदेशाचा आधार नाही.

फादर रविवारी तीन मिस्सा करतात. तिन्हींचे दान त्यांना मिळते का?

एका दिवशी कितीही मिस्सा केल्या तरी दान एकाच मिस्सेचे ठेवता येते. बाकीचे बिशपांनी सांगितलेल्या कामाला जाते (कॅनन ९५१). नाताळचा दिवस एवढाच अपवाद. शिवाय दर रविवारी आणि बंधनकारक सणाला एक मिस्सा प्रमुख धर्मगुरूंना धर्मग्रामातल्या सगळ्या लोकांसाठी अर्पण करावीच लागते. तिच्यासाठी कुणाचेही दान घेतले जात नाही, त्यामुळे रविवारची ती वेळ वैयक्तिक हेतूसाठी मिळत नाही.

२ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, धर्मगुरूंना तीन मिस्सांची मुभा आहे. त्यांतली एकच कुणाच्या वैयक्तिक हेतूसाठी, दान घेऊन करता येते. दुसरी सर्व मृत श्रद्धावंतांसाठी आणि तिसरी पोप महोदयांच्या हेतूंसाठी, दोन्ही विनादान. ही रीत १९१५ पासूनची आहे. ‘दोन नोव्हेंबरचीच मिस्सा हवी’ असा आग्रह अनेक घरे धरतात. एका धर्मगुरूकडे त्या दिवशी स्वतंत्र हेतूची जागा एकच असते, म्हणून कार्यालयाला नकार द्यावा लागतो.

दिलेली मिस्सा खरोखर झाली हे कसे कळेल?

प्रत्येक धर्मग्रामात मिस्सांची वेगळी नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे (कॅनन ९५८). तिच्यात किती मिस्सा, कोणता हेतू, किती दान आणि मिस्सा पार पडली की नाही, ही नोंद असते. बिशप किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती दरवर्षी ती वही तपासते. तुमच्या नोंदीपुरती माहिती कार्यालयात विचारायला काहीच हरकत नाही.

आणखी दोन गोष्टी. वर्षभरात पार पाडता येतील त्याहून जास्त मिस्सांचे दान स्वतः पार पाडण्यासाठी घेता येत नाही (कॅनन ९५३). आणि घेतलेले पैसे हरवले, चोरीला गेले, अगदी फादरांचा काही दोष नसला तरी मिस्सा अर्पण करण्याचे बंधन सुटत नाही (कॅनन ९४९).

ग्रेगोरियन मिस्सांची रक्कम इतकी मोठी का?

एका मृत व्यक्तीसाठी सलग तीस दिवस, तीस मिस्सा. जिवंत माणसासाठी नाही आणि दोघांसाठी मिळून एकत्रही नाही. एक धर्मगुरू महिनाभर दुसरा कोणताही हेतू घेऊ शकत नाही, म्हणून ही रक्कम वेगळी असते. मधेच आजारपण आले किंवा अंत्यविधीची वा लग्नाची मिस्सा करावी लागली तर साखळी फुकट जात नाही, राहिलेल्या मिस्सा शक्य तितक्या लवकर पूर्ण करायच्या असतात. मोठ्या धर्मग्रामात सलग तीस दिवस मोकळे सापडणे कठीण असल्यामुळे या मिस्सा बहुधा मठातल्या किंवा निवृत्त धर्मगुरूंकडे सोपवल्या जातात. तसे सोपवताना पूर्ण रक्कम सोबत गेली पाहिजे.

लग्नाचा एकूण खर्च फलकावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त का होतो?

कारण फलकावरचा आकडा फक्त विधीच्या दानाचा असतो आणि तुमच्या हातातल्या कागदावर बाकी सगळी कामे जोडलेली असतात. कागदावर आठ ओळी आहेत असे समजा: विवाहविधीचे दान, मिस्सेचे दान, गायकवृंद, ऑर्गन वाजवणारा, वेदीवरची फुले, वीज, सफाई, पार्किंगचा स्वयंसेवक. यांतल्या फक्त पहिल्या दोन ओळींना बिशपांचा आदेश लागू होतो. बाकी सहा ओळी म्हणजे माणसांची मजुरी आणि वस्तूंची किंमत. त्या ठरलेल्या असतात, पण धर्मग्रामाने ठरवलेल्या.

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे घेतले नाही तर लग्न लागेल का? गायकवृंद नको असेल तर ती ओळ काढून टाकता आली पाहिजे. फुले स्वतः आणणार असाल तर तीही. वीज आणि सफाईचा खर्च खरा असतो आणि तो टाळता येत नाही, पण तो वाजवी असावा. दोन हॅलोजन लावल्याचे वेगळे पैसे कुणी लावत असेल, तर मीटरचा हिशेब विचारावा.

अनामत ही वेगळी बाब आहे. हॉल किंवा परिसरासाठी घेतलेली अनामत किती दिवसांत परत मिळणार आणि कोणत्या कारणासाठी कापली जाणार, हे पैसे देण्यापूर्वी लेखी घ्या. सर्वांत जास्त तक्रारी इथे होतात, आणि त्यांचा विधीच्या दानाशी काहीच संबंध नसतो.

लग्नाच्या किंवा बाप्तिस्म्याच्या दिवशी लोक फादरांच्या हातात पाकीट देतात, त्याबद्दलही विचारले जाते. धर्मग्रामाचे काम म्हणून झालेल्या विधीच्या निमित्ताने मिळालेली रक्कम धर्मग्रामाच्या निधीत जाते, असे कॅनन ५३१ सांगतो. निव्वळ स्वेच्छेने दिलेल्या रकमेच्या बाबतीत देणाऱ्याचा वेगळा हेतू स्पष्ट असेल तर तो पाळला जातो. म्हणून पाकीट फादरांना वैयक्तिक भेट म्हणून असेल तर त्यावर तसे लिहा. मोकळे पाकीट चर्चच्या जमेत धरले गेले तर ते नियमाप्रमाणेच झाले.

अंत्यविधीच्या वेळी काय देणे भाग असते?

विधीसाठी कुणालाही काही देणे भाग पाडता येत नाही. अंत्यविधीबद्दल कॅनन ११८१ मध्ये वेगळी ताकीदच आहे: माणसे पाहून भेदभाव करू नये आणि गरिबांना योग्य अंत्यविधीपासून वंचित ठेवू नये. श्रीमंताच्या मयताला पाच फादर आणि सगळ्या घंटा, गरिबाच्या मयताला घाईने उरकलेली प्रार्थना, असे होता कामा नये. फलकावर ‘साधा’ आणि ‘विशेष’ अंत्यविधी असे दोन दर असतील तर ते या कॅननच्या सरळ विरोधात जातात.

शवपेटी, खड्डा खणण्याची मजुरी, शववाहिनी आणि कबरीची जागा यांचे पैसे खरे असतात आणि ते द्यावे लागतात. मयताच्या घरात त्या दिवशी कुणी घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत नसते, म्हणून हे आकडे छापील आणि सुटे असणे इथे जास्त गरजेचे आहे. कबरीच्या बाबतीत मुदत विचारा: किती वर्षांनी जागा पुन्हा वापरली जाणार, आणि अस्थी कुठे हलवणार.

पापनिवेदन किंवा आजाऱ्याच्या अभ्यंगासाठी फलकावर आकडा का नाही?

नसावाच. पापनिवेदनाशी पैशाचा संबंध जोडूच नये. आजाऱ्याच्या घरी आलेल्या फादरांना कुणी आपणहून काही दिले तर ती स्वेच्छा. रात्री-अपरात्री बोलावले म्हणून जास्त, असे काही नसते.

वार्षिक वर्गणी थकली आहे. बाप्तिस्मा थांबवता येतो का?

चर्चच्या गरजांना हातभार लावणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे, त्यात वाद नाही. पण जो योग्य वेळी संस्कार मागतो, त्यासाठी योग्य तयारीत आहे आणि ज्याला धर्मसंहितेने मनाई केलेली नाही, त्याला संस्कार नाकारता येत नाही (कॅनन ८४३). थकलेली वर्गणी ही त्या मनाईच्या यादीत नाही. वर्गणीबद्दल बोलणे व्हावे, पण ते बाप्तिस्म्याची तारीख देण्याची अट म्हणून नको. दाखल्याची नक्कल काढण्याचे कार्यालयीन शुल्क मात्र वेगळे, आणि ते द्यावे.

पावती मागावी का? जीएसटी लागतो का?

पावती मागाच. आपल्याकडची बहुतेक चर्च सार्वजनिक विश्वस्त न्यास म्हणून नोंदलेली आहेत, आणि महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा न्यासांना हिशेब ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. पावतीवर दान, कामाचे पैसे आणि देणगी या तीन ओळी वेगळ्या हव्यात. ‘लग्न – एकूण’ अशी एकाच ओळीची पावती पुढे काहीही सिद्ध करत नाही.

धार्मिक विधी पार पाडण्याच्या सेवेला जीएसटीतून सूट आहे. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाच्या धार्मिक स्थळाचा परिसर भाड्याने देण्यालाही सूट आहे, पण हॉल किंवा मोकळ्या जागेचे भाडे दिवसाला १०,००० रुपये किंवा जास्त असेल तर ती मिळत नाही. म्हणून हॉलच्या बिलावर कर दिसला तर तो चुकीचाच असेल असे नाही. विवाहविधीच्या दानावर कर लावलेला दिसला तर ती नक्की चूक.

फलक कसा लिहावा?

आर्थिक समितीत काम करणाऱ्यांसाठी हा एक नमुना. आकडे मुद्दाम कोरे ठेवले आहेत.

‘दान देणे शक्य नसल्यास कोणताही विधी अडणार नाही. फादरांना किंवा कार्यालयाला सांगा, कारण विचारले जाणार नाही.

अ. विधीच्या निमित्ताने दान (प्रांताच्या बिशपांचा आदेश, दिनांक ____). यापेक्षा जास्त मागितले जाणार नाही: मिस्सा ____, बाप्तिस्मा ____, विवाह ____, अंत्यविधी ____, घराचा आशीर्वाद ____.

ब. कामाचे व वस्तूंचे पैसे (धर्मग्रामाने ठरवलेले, दिनांक ____ पासून). हवे तेवढेच घ्या: गायकवृंद ____, सफाई व वीज ____, हॉल ____, दाखल्याची नक्कल ____.

क. स्वेच्छा देणगी: आकडा नाही. हेतू लिहून द्या.’

‘अ’ गटात आदेशाची तारीख नसेल तर आकडा जुना की नवा हे कुणालाच सांगता येत नाही. ‘अ’ आणि ‘ब’ एका तक्त्यात मिसळू नका, रंग बदलून लिहिले तरी चालेल. ‘क’ गटात ‘किमान ५०० रुपये’ असे कधीच लिहू नका. किमान लिहिले की ती देणगी राहत नाही. आणि फलक मराठीत हवा. नुसता इंग्रजी फलक लावला तर वरची पहिली ओळ जिच्यासाठी लिहिली आहे त्या आजीपर्यंत ती पोहोचत नाही.

फलकापेक्षा जास्त मागितले तर काय करावे?

आधी मागणी कोणत्या गटातली आहे ते पाहा. गायकवृंदाने जास्त मागितले तर तो धर्मग्रामाच्या समितीचा विषय. विधीच्या दानापेक्षा जास्त मागितले असेल तर प्रमुख धर्मगुरूंना आदेशाची तारीख आणि आकडा विचारा. बऱ्याचदा कार्यालयातल्या माणसाने दोन गट एकत्र बेरीज करून सांगितलेले असतात आणि तिथेच उलगडा होतो. उलगडा झाला नाही तर बिशपांच्या कार्यालयाला लेखी कळवा. विधी कोणता, तारीख, मागितलेली रक्कम, दिलेली रक्कम आणि पावतीची प्रत एवढे पुरते. मिस्सेच्या दानातून बेकायदा नफा मिळवणे हा धर्मसंहितेत शिक्षापात्र गुन्हा आहे, त्यामुळे अशा पत्राची दखल घेणे त्या कार्यालयाचे कामच आहे. विधीची तारीख जवळ असेल तर पत्राच्या उत्तराची वाट पाहत विधी पुढे ढकलू नका. फलकावरचे दान द्या किंवा जमत नसेल तर तसे सांगा, आणि विधी ठरल्या दिवशी होऊ द्या.